टॅमॉक्सिफेन चालू असताना हॉट फ्लशेस: हार्मोन न घेता काय करता येतं?

रानजाई

माझ्या मोठ्या बहिणीसाठी विचारते आहे. वय ४७. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे, गाठ इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह होती, आता रोज २० मिग्रॅ टॅमॉक्सिफेन चालू आहे. पाळी गेली आहे आणि गरम वाफांनी ती हैराण झाली आहे. दिवसा पाच-सहा वेळा येतात, त्या ती कशाबशा निभावते. रात्री मात्र तीन-चार वेळा घामाने भिजून उठते आणि नंतर तासन्‌तास झोप लागत नाही. हार्मोनच्या गोळ्या तिला चालणार नाहीत हे कर्करोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं आहे.

फॅमिली डॉक्टरांनी पॅरॉक्सेटिन सुचवलं आहे, चिठ्ठी हातात आहे पण अजून सुरू केलेलं नाही. ओळखीच्या एकीने सोयाच्या गोळ्या घ्यायला सांगितलं. बाकी रक्तदाब ठीक, मधुमेह नाही. आम्लपित्तासाठी जेवणानंतर अँटासिड घेते. नेमकं काय सुरू करावं, आणि त्याचा उपयोग होतोय की नाही हे किती दिवसांनी ठरवायचं?

सोनकुसुम

ताईंना आधी सोया आयसोफ्लेव्होन्स द्या, जोडीला इव्हनिंग प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल. दोन्ही नैसर्गिक आहेत, हार्मोन नाहीत, त्यामुळे अपाय व्हायचा प्रश्न नाही. मानसिक आजाराची गोळी इतक्या लवकर कशाला? पॅरॉक्सेटिन हे नैराश्याचं औषध आहे.

तळटीप

रानजाई, बरं झालं सुरू करायच्या आधी विचारलंत. मी रुग्णालयात औषधांच्या चिठ्ठ्या तपासायचं काम करतो, म्हणून आधी पॅरॉक्सेटिनबद्दल.

तुमच्या फॅमिली डॉक्टरांचा विचार हवेतला नाही. पॅरॉक्सेटिन ७.५ मिग्रॅ या छोट्या मात्रेला अमेरिकेत २०१३ साली हॉट फ्लशेससाठीच मान्यता मिळाली. नैराश्य असो वा नसो, ते वाफांवर काम करतं. अडचण आहे ती टॅमॉक्सिफेनमुळे. टॅमॉक्सिफेनची गोळी पोटात गेली म्हणजे काम झालं असं होत नाही. यकृत तिचं एन्डॉक्सिफेनमध्ये रूपांतर करतं आणि कर्करोगाच्या पेशींवरचा बराचसा परिणाम या एन्डॉक्सिफेनचा असतो. हे रूपांतर मुख्यतः सीवायपी२डी६ नावाच्या एन्झाइमवर चालतं, आणि पॅरॉक्सेटिन नेमकं तेच एन्झाइम जोरात अडवतं. फ्लुऑक्सेटिनही तसंच. म्हणजे वाफा कमी होतील, टॅमॉक्सिफेनची गोळीही रोज पोटात जाईल, पण रक्तातलं एन्डॉक्सिफेन खाली येईल. रुग्णाला हे कशानेच जाणवणार नाही, धोका त्यातच आहे.

याने कर्करोग परत येण्याचं प्रमाण खरंच वाढतं का, यावर निरनिराळ्या अभ्यासांची उत्तरं जुळत नाहीत. पण त्याच कामासाठी दुसरी औषधं हाताशी असताना ही जोखीम घ्यायला कारण नाही. व्हेनलाफॅक्सिन, एस्सिटॅलोप्रॅम आणि सिटॅलोप्रॅम या एन्झाइमला फारसा धक्का लावत नाहीत. ताई लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोलवर असत्या तर हा प्रश्नच आला नसता, त्यांचं काम या एन्झाइमवर अवलंबून नाही.

चिठ्ठी घेऊन परत डॉक्टरांकडे जा आणि एवढंच विचारा: "टॅमॉक्सिफेन चालू आहे, तर याऐवजी सीवायपी२डी६ न अडवणारं काही देता येईल का?"

सोनकुसुम, नैसर्गिक आणि हार्मोन नाही ही दोन विधानं इथे एकत्र बसत नाहीत. आयसोफ्लेव्होन्स इस्ट्रोजेनच्याच रिसेप्टरला जाऊन चिकटतात. आहारातला सोया वेगळा आणि त्यातला अर्क काढून केलेली गोळी वेगळी. इस्ट्रोजेन पॉझिटिव्ह गाठ होऊन गेलेल्या बाईला ती गोळी आपल्या मनाने देऊ नये. शिवाय वाफांवर तिचा भरवशाचा उपयोग दिसलेला नाही. इव्हनिंग प्रिमरोजचंही तेच.

वडपिंपळ

टिबोलोन नावाची गोळी असते, ती का नाही कुणी सुचवत? आमच्या घरात दिली होती, वाफा पूर्ण थांबल्या. ती इस्ट्रोजेन नाही, त्यामुळे हार्मोनचा प्रश्न येत नसावा.

मध्यान्ह

वडपिंपळ, टिबोलोन इस्ट्रोजेन नाही हे बरोबर, पण शरीरात गेल्यावर तिच्यापासून तयार होणारे पदार्थ इस्ट्रोजेनसारखंच वागतात. वाफा थांबतात त्या त्यामुळेच. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांमध्ये तिची मोठी चाचणी झाली होती, लिबरेट नावाची. टिबोलोन घेणाऱ्यांमध्ये कर्करोग परत येण्याचं प्रमाण जास्त दिसलं म्हणून ती मुदतीआधी थांबवावी लागली. निकाल २००९ मध्ये छापून आला. तुमच्या घरी ज्यांना दिली त्यांना कर्करोग नसेल तर ती गोष्ट वेगळी. या बाईंना टिबोलोन चालणार नाही.

रानजाई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. औषधाच्या नावाआधी दोन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, हा घाम नक्की रजोनिवृत्तीचाच आहे ना? टॅमॉक्सिफेन आणि गेलेली पाळी ही कारणं समोर असली की बाकीचं तपासायचं राहून जातं. नेहमीची वाफ छाती-मानेतून वर चढते, काही मिनिटं टिकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो आणि उतरताना थंडी वाजते. याऐवजी रात्रीच्या घामाबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, खोकला किंवा गाठी असतील, हात थरथरून छातीत सतत धडधडत असेल, तर आधी तो शोध घ्यायचा. थायरॉइडची तपासणी झालेली नसेल तर करून घ्या.

दुसरी गोष्ट वेळेची. तुम्ही लिहिलंय की दिवसाच्या वाफा निभावतात, रात्रीच्या नाही. औषध निवडायला हे वाक्य फार कामाचं आहे. त्रास रात्री एकवटलेला असेल तर मी आधी झोपताना गॅबापेन्टिनचा विचार करते. ते टॅमॉक्सिफेनच्या वाटेत कुठेच येत नाही, कारण यकृत त्याचं रूपांतर करतच नाही, मूत्रपिंडं ते जसंच्या तसं बाहेर टाकतात. आणि त्याचा जो दुष्परिणाम, गुंगी, ती रात्री आपल्या पथ्यावर पडते.

मात्र सुरू करण्याआधी क्रिएटिनिन पाहायचं. मूत्रपिंडं मंद असतील तर औषध साचतं आणि नेहमीच्या मात्रेलाही तोल जातो. तपासणी ठीक असेल तर झोपण्याच्या साधारण तासभर आधी ३०० मिग्रॅ. नाजूक प्रकृतीच्या बाईला मी १०० पासून सुरू करते. चार-पाच रात्रींनी सकाळचं जडपण ओसरलं की ६०० आणि गरज वाटली तर ९००. पहिले काही दिवस सकाळी गाडी चालवायची नाही. झोपेच्या गोळ्या, मद्य किंवा मॉर्फिनच्या जातीच्या वेदनाशामकांबरोबर श्वास मंदावण्याची भीती असते, त्यामुळे असं काही चालू असेल तर आधी सांगायचं.

अबोली७

गॅबापेन्टिनबद्दल सावध राहा. मला ३०० चा काहीच उपयोग झाला नाही, म्हणून डॉक्टरांनी ६०० केलं तरी नाही. मग ९०० वर चक्कर यायला लागली आणि मी एका दिवशी बंदच केलं. मीही आम्लपित्ताचं औषध घ्यायचे, रात्री दोन्ही एकदमच घेऊन झोपायचे. माझ्या मते हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही.

तळटीप

अबोली७, सगळ्यांना लागू पडत नाही हे खरंच आहे. पण तुमच्या लिहिण्यात एक धागा दिसतो. मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचं अँटासिड त्याच वेळी घेतलं तर गॅबापेन्टिनचं शोषण कमी होतं, दोन तासांचं अंतर ठेवावं लागतं. आम्लपित्ताचं तुमचं औषध त्यातलं होतं का, हे वेष्टनावर पाहा.

३०० ला उपयोग न होणं तर अपेक्षितच म्हणता येईल. स्तनाच्या कर्करोगानंतरच्या ४२० स्त्रियांवरची चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दिवसाला ९०० मिग्रॅ तीन भागांत दिलं होतं. आठ आठवड्यांनी वाफांचा त्रास ९०० च्या गटात ४६ टक्के कमी झाला, ३०० च्या गटात ३१ टक्के आणि नुसत्या साखरेच्या गोळीने १५ टक्के. ठामपणे सिद्ध झाला तो ९०० चाच फायदा. झोपताना एकदम देण्याची पद्धत अनुभवातून आलेली आहे, चाचणीतली मात्रा तशी दिलेली नव्हती.

आणि एकदम बंद करू नका, कुणीच. ज्या पायऱ्यांनी चढवलं त्याच पायऱ्यांनी आठवडाभरात उतरवायचं, नाहीतर झोप उडते, घाबरल्यासारखं होतं आणि माणसाला वाटतं की वाफाच उलटल्या.

रानजाई, ताईंच्या अँटासिडवरही नाव बघा. रात्रीच्या जेवणानंतर लगेच घेत असतील आणि गॅबापेन्टिन त्यानंतर दोन तासांनी, तर प्रश्न नाही.

चैत्रपालवी

मध्यान्ह यांच्याशी थोडी असहमत आहे. मी कर्करोग विभागात परिचारिका आहे आणि आमच्याकडे पहिली निवड व्हेनलाफॅक्सिनच असते. दोन्ही औषधं एकाच बाईला आळीपाळीने देऊन पाहिलेली चाचणी आहे, तीही स्तनाच्या कर्करोगानंतरच्याच स्त्रियांची. वाफा दोन्हींनी सारख्याच उतरल्या, पण कोणतं औषध पुढे हवं असं विचारलं तेव्हा साधारण दोन-तृतीयांश जणींनी व्हेनलाफॅक्सिन निवडलं. चक्कर आणि गुंगी लोकांना नको असते.

व्हेनलाफॅक्सिन देताना आम्ही जे समजावून सांगतो ते लिहिते. दीर्घ काळ झिरपणारी कॅप्सूल घ्यायची, सकाळी, पोटात अन्न असताना, रोज त्याच वेळी. पहिला आठवडा ३७.५ मिग्रॅ, मग ७५. पहिल्या आठ-दहा दिवसांत मळमळ होते, तोंड कोरडं पडतं. बहुतेकींची मळमळ उतरते, आणि ती उतरायच्या आतच औषध सोडून दिलं जातं, हे आम्ही सारखं बघतो. म्हणून मळमळ येणार हे आधीच सांगून ठेवतो. उपयोग होणार असेल तर दोन आठवड्यांत चाहूल लागते. १५० पर्यंत जाण्यात वाफांच्या दृष्टीने अर्थ नाही. २००० सालच्या चाचणीत ७५ आणि १५० दोन्हींनी ६१ टक्केच घट झाली, दुष्परिणाम मात्र १५० ला वाढले.

कॅप्सूल फोडून पाण्यात कालवायची नाही, चावायची नाही. रक्तदाब सुरू करण्याआधी आणि मात्रा वाढवल्यावर मोजायचा. आणि एक दिवस जरी चुकला तरी डोकं हलकं होणं, विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं हे प्रकार होतात. थांबवताना ७५ वरून ३७.५ वर दोन आठवडे, मग बंद.

मध्यान्ह

चैत्रपालवी, ती चाचणी मला मान्य आहे. तुमचा क्रमही चुकीचा नाही. मी म्हणते ते इतकंच की या बाईंचा दिवस बरा आहे आणि रात्र वाईट आहे. व्हेनलाफॅक्सिनने काहींची झोप आणखी उडते. दिवसाच्या वाफाही असह्य असत्या किंवा मन उदास, चिंताग्रस्त असतं, तर मीही तेच आधी दिलं असतं. कुणाला मॅनियाचे झटके येऊन गेले असतील, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा ट्रॅमाडॉल चालू असेल तर मात्र हात आखडता घ्यावा लागतो.

उंबरठा

गोळ्यांची चर्चा नेमकी चालली आहे, पण झोपेचा भाग एकट्या गोळीवर टाकू नका. मी मानसोपचार करते, रजोनिवृत्तीसाठीची वर्तनोपचाराची सत्रं घेते. कर्करोगानंतरच्या स्त्रियांवर मेनोस-१ ही चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात दर आठवड्याला दीड तास अशी सहा सत्रं होती. स्पष्टच सांगते, वाफांची संख्या याने फारशी उतरत नाही. त्यांचा जाच उतरतो आणि झोप सुधारते.

रात्रीचं एक उदाहरण घेऊ. वाफ येते, दोन-तीन मिनिटांत ओसरतेही. पण बाई दोन तास जागी राहते. हे दोन तास वाफेने घेतलेले नसतात. "आता झोप येणारच नाही, उद्याचा दिवस वाया", असा विचार सुरू होतो, अंग ताठ होतं, घड्याळाकडे नजर जाते, आणि याच ताणामुळे पुढची वाफ जास्त तीव्र वाटते. सत्रात आपण या साखळीतली एकेक कडी धरतो. घड्याळ तोंडासमोरून हलवायचं. वाफ आली की पांघरूण बाजूला सारायचं, खांदे सैल सोडायचे, पोटातून सावकाश श्वास घ्यायचा आणि ती जाऊ द्यायची, झुंजायचं नाही. साधारण पंधरा-वीस मिनिटं झाली असं वाटलं आणि झोप नाही, तर अंथरूण सोडून मंद उजेडात काहीतरी संथ करायचं, डोळे जड झाले की परत यायचं. सकाळी उठायची वेळ रोज तीच, रात्र कशीही गेली तरी. शेवटचा नियम लोकांना सगळ्यात कठीण जातो आणि त्यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो.

सोनकुसुम

मग नुसता दीर्घ श्वसनाचा सराव पुरेसा नाही का? आणि पंखा, थंड पाणी, तिखट बंद करणं? क्लोनिडिनचंही नाव ऐकलं आहे, ते तर जुनं आणि स्वस्त औषध आहे.

उंबरठा

श्वसनाबद्दल तुम्ही अर्ध्या बरोबर आहात. उपचारांचा एक भाग म्हणून ते कामाचं आहे, पण एकट्या श्वसनाचा सराव चाचण्यांमध्ये वाफांवर टिकला नाही. उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ च्या मार्गदर्शिकेत वाफांवरचा स्वतंत्र उपाय म्हणून त्याची शिफारस केलेली नाही. संमोहनोपचाराची मात्र केली आहे, प्रशिक्षित माणूस मिळाला तर.

मध्यान्ह

पंखा आणि सुती कपड्यांचे थर याने त्या क्षणी बरं वाटतं, त्यांना कुणाची हरकत नाही. वाफा कमी होतील अशी अपेक्षा त्यांच्याकडून करू नये.

क्लोनिडिन काही देशांत आजही या कारणासाठी दिलं जातं. परिणाम बेताचा, रक्तदाब उतरून उभं राहताना अंधारी येते, आणि अचानक बंद केलं तर रक्तदाब उसळतो. त्याच मार्गदर्शिकेने ते शिफारशीतून वगळलं आहे. जुन्या औषधांपैकी मी त्याऐवजी ऑक्सिब्युटिनिनचा विचार करेन, २.५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, लागलं तर ५. मूत्राशयाच्या घाईसाठीची गोळी आहे ही. वाफांवर चांगली चालते, टॅमॉक्सिफेनवरच्या स्त्रियाही त्या चाचणीत होत्या. तोंड कोरडं पडणं आणि बद्धकोष्ठ हे ठरलेले. अरुंद कोनाचा काचबिंदू असेल किंवा लघवी तुंबत असेल तर नाही. साठीच्या पुढे मी ती टाळते, कारण या जातीची औषधं वर्षानुवर्षं घेतली तर स्मरणशक्तीवर परिणाम होतो अशी शंका आहे.

वडपिंपळ

टिबोलोनबद्दल कळलं, आभार. ती नवी औषधं आहेत ना, फक्त वाफांसाठीच बनवलेली? फेझोलिनेटंट. ती थेट मेंदूतल्या कारणावर काम करते म्हणे. मग ही सगळी उसनी औषधं कशाला?

तळटीप

ती खरंच कारणाजवळ जाऊन काम करते. हायपोथॅलॅमसमधल्या ज्या चेतापेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो, त्या लगाम सुटल्यावर न्यूरोकायनिन बी जास्त सोडू लागतात आणि शेजारच्या तापमान-केंद्राला अंग तापल्याचा खोटा निरोप जातो. फेझोलिनेटंट हा निरोप घेणारा रिसेप्टरच अडवतं. अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली, मात्रा ४५ मिग्रॅ दिवसातून एकदा.

पण इथे दोन अडचणी आहेत. पहिली यकृताची. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा घातला. सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी, मग पहिले तीन महिने दर महिन्याला, पुढे सहाव्या आणि नवव्या महिन्यात. थकवा, भूक मरणं, मळमळ, खाज, डोळे पिवळे, लघवी गडद असं काही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता गोळी थांबवून डॉक्टर गाठायचा. टॅमॉक्सिफेनने काहींच्या यकृतात चरबी साठते, म्हणून ताईंच्या बाबतीत पहिल्या तपासणीला जास्त महत्त्व. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा फ्लुव्हॉक्सामिनबरोबरही ती चालत नाही, कारण या दोन्हींमुळे फेझोलिनेटंट रक्तात साचतं.

दुसरी अडचण म्हणजे ज्या मुख्य चाचण्यांवर मान्यता मिळाली त्या टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांवर झालेल्या नाहीत.

चैत्रपालवी

म्हणूनच एलिन्झानेटंटकडे आमचं लक्ष आहे. तिची ओएसिस-४ ही चाचणी नेमकी टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलच्या जातीची औषधं घेणाऱ्या स्त्रियांवर झाली आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्रा १२० मिग्रॅ, झोपताना. वाफा स्पष्ट उतरल्या. थकवा, गुंगी, डोकेदुखी हे दुष्परिणाम. २०२५ मध्येच काही देशांत मान्यताही मिळाली. माझ्या मते टॅमॉक्सिफेनवरच्या बाईसाठी आजच्या घडीला सर्वांत थेट पुरावा हिचाच आहे.

मध्यान्ह

पुरावा थेट आहे, मान्य. पण कर्करोग परत येण्यावर दहा वर्षांत काय परिणाम होतो हे इतक्या लहान मुदतीच्या चाचणीतून कळत नाही. इस्ट्रोजेनसारखं ती वागत नाही, त्यामुळे काळजीचं कारण मला दिसत नाही, तरीही जुन्या औषधांनी भागत असेल तर मी आधी तीच वापरेन. तुम्ही वेगळं ठरवाल, त्यालाही माझी हरकत नाही.

रानजाई, उपयोग ठरवायचा कसा, हे तुम्ही पहिल्याच प्रश्नात विचारलं होतं आणि ते राहिलंच. औषधाआधी पूर्ण एक आठवडा वही ठेवा. प्रत्येक वाफेला गुण: सौम्य १, मध्यम २, तीव्र ३, अतितीव्र ४. दिवसाचे आणि रात्रीचे गुण वेगळे लिहा. साखरेच्या गोळीनेसुद्धा वाफा बऱ्यापैकी उतरतात, त्यामुळे "जरा बरं वाटतंय" यावर विसंबू नका.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे. पॅरॉक्सेटिनची चिठ्ठी डॉक्टरांनी लगेच रद्द केली. थायरॉइड आणि क्रिएटिनिन दोन्ही ठीक आले. कर्करोगतज्ज्ञांशी बोलून गॅबापेन्टिन सुरू झालं, आता बारा दिवस झाले, सध्या ६०० वर आहे. अँटासिड मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचंच निघालं, ते जेवणानंतर लगेच आणि गॅबापेन्टिन अडीच तासांनी.

आधीच्या आठवड्याची सरासरी: दिवसा ५ वाफा, मध्यम, म्हणजे १० गुण. रात्री ४, तीव्र, म्हणजे १२. एकूण २२. या आठवड्याची सरासरी: दिवसा ५ मध्यम, तेच १० गुण. रात्री २, मध्यम, ४ गुण. एकूण १४. तिचं म्हणणं, एवढ्याने काय झालं, दिवस तर तसाच आहे. सकाळी नऊपर्यंत डोकं जड असतं. ९०० वर जायचं का?

मध्यान्ह

वही छान ठेवली आहे. एकूण गुण २२ वरून १४ म्हणजे ३६ टक्के घट, आणि नुसती एवढीच संख्या समोर असती तर मी म्हटलं असतं की साखरेच्या गोळीनेही अधूनमधून इतकं होतं. पण रात्रीचे गुण १२ वरून ४ वर आलेत आणि दिवसाचे हललेलेच नाहीत. औषध ज्या वेळी अंगात आहे त्याच वेळी फरक पडतोय, त्यामुळे हा औषधाचा परिणाम असण्याची शक्यता बरीच वाटते.

९०० ची घाई करू नका. सकाळी नऊपर्यंत जडपण आहे, म्हणजे मात्रा वाढवली तर ते दुपारपर्यंत लांबेल. आधी गोळीची वेळ तासभर अलीकडे आणून बघा, झोपण्याआधी एकच्या ऐवजी दोन तास. जडपण गेलं आणि रात्री अजून दोनदा जाग येत असेल तर मग वाढवण्याचा विचार. चार आठवडे पूर्ण झाले की पुन्हा गुण मोजा. तेव्हाही दिवसाच्या वाफा तितक्याच असतील आणि त्या तिला खुपायला लागल्या असतील, तर डॉक्टरांना विचारून सकाळी ३७.५ चं व्हेनलाफॅक्सिन जोडणं किंवा पूर्ण त्यावर जाणं, हे दोन रस्ते आहेत.

तळटीप

वेळ अलीकडे आणताना अँटासिडचं गणित सांभाळा. गॅबापेन्टिन तासभर आधी घेतलं तर जेवणानंतरच्या अँटासिडपासून दीडच तास उरतो. जेवण तासभर लवकर उरकता येत असेल तर उत्तम, नाहीतर रात्रीचं अँटासिड काढून आम्लपित्तासाठी दुसऱ्या प्रकारचं औषध चालेल का ते विचारा. पाय सुजतात का, तेही आठवड्यातून एकदा बघत जा.

अबोली७

माझं अँटासिड बघितलं, तेच निघालं. डॉक्टरांशी बोलून परत १०० पासून सुरू करायचं ठरतंय. उंबरठा, तुमची ती सत्रं ऑनलाइन गटात घेतली तर तितकाच उपयोग होतो का?

उंबरठा

गटातही होतो, मेनोस-१ मधली सत्रं गटातच होती. पुस्तिका वाचून स्वतः करण्याचीही चाचणी झाली आहे आणि त्यानेही जाच कमी झाला. अडचण फक्त सातत्याची येते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उठायच्या वेळेचा नियम मोडतो आणि मग सगळंच सुटतं, म्हणून त्या दिवसांत विचारणारं कुणीतरी असू द्या.